कोपर चेपतं, खांदा बसतो: ब्लेंडरमधल्या वेट पेंटिंगबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर शनिवारी मी घणसोलीत रिगिंगची छोटी बॅच घेते, आणि उरलेल्या आठवड्यात ठाण्यातल्या घरी बसून लोकांच्या फाइली दुरुस्त करते. येणारे प्रश्न फिरून फिरून तेच असतात, म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवतेय. उदाहरण शक्यतो एकच घेतलंय: एका विद्यार्थ्याचा गोविंदा. वरच्या थरावर उभा आहे, उजवा हात हंडीकडे ताणलेला, डावा कोपरात दुमडून शेजाऱ्याच्या खांद्यावर. खांदा आणि कोपर यांचा एवढा छळ करणारी पोज क्वचितच मिळते.

१. स्किनिंग आणि वेट पेंटिंग एकच का?

नाही. मेश आर्मेचरला बांधणं म्हणजे स्किनिंग. कोणत्या व्हर्टेक्सने कोणत्या बोनचं किती ऐकायचं हे ठरवणं म्हणजे वेट देणं, आणि ते ब्रशने केलं की वेट पेंटिंग. प्रत्येक बोनच्या नावाचा एक व्हर्टेक्स ग्रुप असतो आणि त्यात प्रत्येक व्हर्टेक्सचा ० ते १ मधला आकडा. निळा म्हणजे ०, हिरवा साधारण अर्धा, लाल म्हणजे १. रंग हे फक्त त्या आकड्याचं चित्र आहे. हे डोक्यात असलं की ब्रश हातात धरायची गरज निम्म्याने कमी होते, कारण बरंच काम Edit Mode मध्ये लूप निवडून थेट आकडा टाकून होतं.

२. ताई, कोपर वाकवलं की ते पाण्याच्या पाइपसारखं चेपतं. वेट तर अगदी स्मूथ आहेत. मग का?

स्मूथ आहेत म्हणूनच. ब्लेंडर प्रत्येक व्हर्टेक्ससाठी दोन जागा काढतो: हा पूर्णपणे दंडाचा असता तर कुठे असता, आणि पूर्णपणे कोपराखालच्या हाताचा असता तर कुठे असता. मग वेटच्या प्रमाणात त्या दोन जागांची सरासरी घेतो. त्या दोन जागा सांध्याभोवतीच्या एका वर्तुळावर असतात, पण त्यांना जोडणारी सरळ रेघ वर्तुळाच्या आतून जाते. सरासरी त्या रेघेवर पडते, म्हणून व्हर्टेक्स सांध्याकडे आत ओढला जातो.

किती आत, हेही काढता येतं. निम्मे-निम्मे वेट असतील तर सांध्यापासूनचं अंतर वाकलेल्या कोनाच्या अर्ध्याच्या कोसाइनने कमी होतं. ९० अंशांत ७१ टक्के उरतं, १२० अंशांत बरोबर निम्मं, १४० अंशांत जेमतेम ३४ टक्के. आपलं खरं कोपर १४० अंशांच्या आसपास सहज वाकतं. म्हणजे नुसत्या सरासरीवर सोडलं तर चेपणारच. यात तुमच्या हाताचा दोष नाही.

या पानावरची बाकीची जवळजवळ सगळी उत्तरं या एका हिशोबाचीच आहेत. तोडगे तीनच: सांधा योग्य जागी आणा (प्रश्न ४), सगळीकडे निम्मे-निम्मे देऊ नका (प्रश्न ६), किंवा एका सांध्यावर पडणारा कोन दोन बोनमध्ये वाटा (प्रश्न ८ आणि ९).

३. With Automatic Weights वापरलं तर चालतं ना? आणि मला एरर का येते?

सुरुवात त्यानेच करा, मीही करते. आधी मेश निवडा, मग Shift धरून आर्मेचर, Ctrl+P आणि यादीतून With Automatic Weights. यामागची पद्धत २००७ साली इल्या बारान आणि योवान पोपोविच यांनी मांडली. प्रत्येक बोन म्हणजे तापलेली सळई समजायची आणि तिची उष्णता कातडीत कशी पसरेल त्यावरून वेट ठरवायचे. त्यामुळे सांध्याजवळ छान मऊ उतार मिळतो, पण शरीरशास्त्र त्याला ठाऊक नसतं. कोपराच्या टोकाला आणि कोपराच्या खळगीला तो जवळपास सारखेच वेट देतो. खरा घोळ तिथेच आहे.

एरर बहुधा हीच असते:

```
Bone Heat Weighting: failed to find solution for one or more bones
```

उष्णता पसरायला धड पृष्ठभाग मिळाला नाही, एवढाच याचा अर्थ. एकावर एक बसलेले दुहेरी व्हर्टेक्स, उलटे नॉर्मल, मेशच्या आत लपलेले फेस, किंवा कॅरेक्टर फारच लहान मापात बनवलेलं असणं ही नेहमीची कारणं. Edit Mode मध्ये सगळं निवडून M दाबा आणि Merge by Distance, मग Shift+N. Object Mode मध्ये येऊन मेश आणि आर्मेचर दोन्हींवर Ctrl+A मधून Scale लावा आणि परत बांधा. तरीही अडलं तर डोळे, दात, बटणं असे सुटे तुकडे वेगळे करून फक्त शरीर बांधून बघा. दोषी तुकडा बहुतेक वेळा त्यांच्यातलाच निघतो.

४. कोपराचा सांधा हाताच्या बरोबर मध्ये ठेवायचा ना?

लांबीच्या दिशेने हो, जाडीच्या दिशेने नाही. तो थोडा मागे, कोपराच्या टोकाकडे न्या. गोविंदाचा हात कोपरापाशी ९ सेंटिमीटर जाड आहे असं धरा. सांधा बरोबर मध्ये असेल तर कोपराचं टोक त्यापासून ४.५ सेंटिमीटरवर येतं. निम्मे-निम्मे वेट आणि १२० अंश वाकवलं की ते २.२५ वर येणार, म्हणजे सव्वादोन सेंटिमीटरचा खड्डा. तोच सांधा दोन सेंटिमीटर मागे सरकवला तर टोक २.५ वर आहे, ते १.२५ वर येईल. वेटला हातही न लावता खड्डा जवळपास अर्धा झाला.

याची किंमत आतल्या बाजूला मोजावी लागते. खळगीकडचे व्हर्टेक्स सांध्यापासून दूर गेले, त्यामुळे वाकवल्यावर तिथली कातडी जास्त एकमेकांत घुसते. पण ती जागा घडीत लपते आणि बाहेरचा खड्डा कॅमेऱ्याला सरळ दिसतो. मला हा सौदा मान्य आहे.

बोन हलवायचं ते Edit Mode मध्ये, Pose Mode मध्ये नाही. आणि हे वेट देण्याआधी करा. वेट दिल्यावर सांधा हलवला तर आकडे तेच राहतात, पण त्यांचा परिणाम बदलतो आणि मग तुम्ही ब्रशलाच दोष देत बसता.

५. कोपराला एज लूप किती हवेत?

बाहेरच्या बाजूने कमीत कमी तीन: एक सांध्यावर, एक वर, एक खाली. आतल्या बाजूला ते जवळ आले किंवा एकात मिळाले तरी हरकत नाही. पंख्याच्या काड्या मुठीत येतात तसे. बाहेर कातडी ताणली जाते म्हणून तिथे लूप लागतात. आत ती दुमडते, आणि तिथे जास्त लूप म्हणजे जास्त गुंता. दहा लूप घातल्याने कोपर सुधारत नाही. प्रत्येक लूपला वेगळा आकडा द्यावा लागतो, आणि दहांत एकाचा चुकला तरी तिथे सुरकुती दिसते.

६. मग कोपराला नेमके किती वेट द्यायचे? आकडे सांगा ना.

सांगते, पण हे माझ्या गोविंदाचे आहेत. तुमच्याकडे पाच-दहा टक्के इकडेतिकडे होतील.

आधी तुमचं स्वतःचं कोपर चाचपून बघा. दुसऱ्या हाताचं बोट त्या टोकदार हाडावर ठेवा आणि हात दुमडा. ते टोक दंडाबरोबर थांबत नाही, खालच्या हाताबरोबर फिरतं, कारण ते कोपराखालच्या हाडाचंच वरचं टोक आहे. म्हणून सांध्यावरच्या लूपला सगळीकडे ०.५ देणं मुळातच चूक आहे. टोकाच्या तीन-चार व्हर्टेक्सना मी forearm चे ०.८ देते आणि upper_arm चे ०.२. बाजूंना ०.५ ठेवते, कारण तिथले बिंदू वाकण्याच्या अक्षाजवळ असतात आणि फारसे चेपतच नाहीत. खळगीतही साधारण ०.५.

वरच्या लूपला मागच्या बाजूने forearm चे ०.३५ आणि पुढच्या बाजूने ०.१. खालच्या लूपला मागे ०.९५, पुढे ०.९. त्यापलीकडे दोन्हीकडे साफ १. उतार लांबवर, पार दंडाच्या मध्यापर्यंत पसरवला तर हात रबरासारखा वाकतो आणि आत हाड असल्याचा भासच जातो.

निम्म्या-निम्म्याऐवजी ०.८ आणि ०.२ दिल्याने किती फरक पडतो? १२० अंशांत टोकाचं अंतर ५० टक्क्यांऐवजी ७२ टक्के उरतं. त्यात सांधा मागे आणलेला असेल तर २.५ सेंटिमीटरचे १.८ उरतात. म्हणजे सुरुवातीला सव्वादोन सेंटिमीटरचा खड्डा होता, आता सात मिलिमीटरचा आहे. वाकलेलं कोपर थोडं चपटं दिसतं तेवढंच ते दिसेल.

आकडे टाकायला Edit Mode मध्ये व्हर्टेक्स निवडा, Vertex Groups च्या यादीत बोन निवडा, Weight मध्ये आकडा लिहा आणि Assign दाबा. मात्र असं दिलेलं वेट दुसऱ्या ग्रुपमधून आपोआप वजा होत नाही. शेवटी Weight Paint मध्ये येऊन Weights > Normalize All करा, किंवा दोन्ही ग्रुपचे आकडे हाताने टाका. मी हातानेच टाकते. डाव्या-उजव्या बाजूचं दुहेरी काम टाळायला बोनची नावं .L आणि .R ने संपवा आणि रंगवताना X ची सिमेट्री चालू ठेवा. मेश दोन्ही बाजूंनी हुबेहूब असेल तरच ती चालते.

७. एका बोनचा वेट काढला की भलताच भाग हलायला लागतो. भूत आहे का?

भूत नाही, Auto Normalize आहे. हा पर्याय चालू असला की प्रत्येक व्हर्टेक्सची बेरीज १ ठेवली जाते. तुम्ही बरगडीजवळून दंडाचा वेट पुसता, तेव्हा तो कुणाला तरी द्यावाच लागतो, आणि ज्या ज्या ग्रुपमध्ये त्या व्हर्टेक्सची नोंद आहे त्यांच्यात तो वाटला जातो. ऑटोमॅटिक वेटने मानेच्या बोनला तिथे ०.००३ दिलेला असेल तर त्याचंही फावतं.

म्हणून मी वेट काढत नाही, देते. दंडाचा वेट नको असेल तर छातीचा बोन निवडून त्याचा वेट वाढवायचा. दंडाचा आपोआप कमी होतो आणि तो कुठे गेला हे तुम्हाला माहीत असतं. त्याआधी Weights > Clean चालवून ०.०१ पेक्षा कमी असलेली झाडलोट करा. खाली डाव्या कोपऱ्यात उघडणाऱ्या छोट्या चौकटीत Subset सगळ्या ग्रुपवर ठेवा, नाहीतर फक्त निवडलेलाच ग्रुप साफ होतो. जे ग्रुप बिघडायला नको असतील त्यांच्यापुढचं कुलूप लावा.

८. हात वाकवताना ठीक आहे, पण मनगट फिरवलं की पिळलेल्या धुण्यासारखं दिसतं.

प्रश्न २ मधलाच हिशोब, फक्त इथे वाकण्याऐवजी पीळ आहे. पिळात संपूर्ण लूपच आत येतो, आणि १८० अंशांना निम्म्या-निम्म्या वेटचा लूप एका बिंदूत मिटतो.

खऱ्या हातात तळवा उताणा-पालथा करताना फक्त मनगट फिरत नाही, कोपराखालची दोन हाडं एकमेकांवरून आडवी जातात आणि पीळ पूर्ण लांबीत वाटला जातो. रिगमध्येही तेच करायचं: कोपर ते मनगट एका बोनऐवजी दोन किंवा तीन तुकडे. रिगिफाय वापरत असाल तर हे आपोआप मिळतं, DEF-forearm.L आणि DEF-forearm.L.001 असे दोन. पीळ मनगटाकडच्या तुकड्यात जास्त आणि कोपराकडच्यात जवळजवळ शून्य हवा. दोन तुकड्यांमधल्या वेटचा उतार मात्र लांब आणि मऊ ठेवा. इथे लांब उतार चालतो, कारण दोन तुकड्यांतला कोन लहान असतो. कोपराला जे नको सांगितलं तेच इथे हवं आहे, हे लक्षात असू द्या.

९. हात वर केला की खांद्यावर खड्डा पडतो. दोन आठवडे रंगवतोय, जात नाही.

रंगवणं थांबवा. तुम्ही बहुधा फक्त upper_arm फिरवताय.

सकाळच्या लोकलमध्ये वरची कडी धरून उभ्या असलेल्या माणसाकडे बघा. ठाण्याहून वाशीला जाताना ऐरोलीपर्यंत पुरेसा वेळ मिळतो. हात वर असताना त्याचा खांदा कानाकडे सरकलेला असतो, शर्टाची खांद्यावरची शिवण मानेकडे तिरकी उभी राहिलेली असते आणि पाठीवरचं पातं बाहेरच्या बाजूला फिरलेलं असतं. हात पूर्ण वर, म्हणजे १८० अंश जातो तेव्हा त्यातले साधारण १२० अंश खांद्याच्या खोबणीतून येतात आणि ६० पातं बरगड्यांवर सरकल्यामुळे. रिगमध्ये तुम्ही ते सगळेच्या सगळे खोबणीवर टाकता आणि मग खड्डा पडला म्हणून ब्रश बदलता.

गोविंदाचा हिशोब घ्या. मॉडेल ए-पोजमध्ये आहे, म्हणजे दंड शरीरापासून ४५ अंशांवर. हंडीसाठी हात १५० अंशांवर न्यायचा, म्हणजे १०५ अंश फिरवायचा. सगळं upper_arm वर टाकलं तर निम्म्या-निम्म्या वेटच्या ठिकाणी ६१ टक्केच जाडी उरते. shoulder.L किंवा shoulder.R नावाचा बोन ३० अंश वर फिरवला की खांद्याच्या सांध्यावर ७५ अंश उरतात आणि जाडी ७९ टक्क्यांवर येते. एकही व्हर्टेक्स न रंगवता.

shoulder बोनची जागाही महत्त्वाची आहे. त्याची सुरुवात गळ्याखालच्या खाचेजवळ, म्हणजे छातीच्या मधल्या हाडाशी, आणि टोक खांद्याच्या वरच्या कडेला. upper_arm ची सुरुवात त्या टोकाच्या थोडी खाली, खांद्याच्या गोलाईच्या मध्यभागी. बरेच जण shoulder बोन मानेपासून सुरू करून आखूड ठेवतात. मग तो फिरवला की खांदा वर जाण्याऐवजी जागच्या जागी कलंडतो.

वेट देताना खांद्याची गोल टोपी दंडाला द्या, पण पूर्ण नाही: टोपीच्या खालच्या टोकाला १, मधोमध ०.७, वर शिवणीपाशी ०.३, आणि उरलेलं shoulder ला. मानेकडे जाणारा स्नायू shoulder आणि छाती यांच्यात. अॅनिमेटरला shoulder बोन फिरवायची आठवण राहत नाही अशी तक्रार असेल तर त्याला ड्रायव्हरने दंडाशी जोडता येतं, पण हाताने फिरवता येणारा कंट्रोलही ठेवाच. खांदे उडवणं, दचकणं, थकून खांदे पडणं, हे सगळं त्या एका बोनवर आहे.

१०. काखेत मेश एकमेकांत घुसते, त्याचं काय?

हात खाली असताना घुसली तर बहुतेक वेळा सोडून द्या. ती दिसत नाही. हात वर असताना काखेत पडदा ताणल्यासारखं दिसत असेल तर दंडाचा वेट बरगडीवर फार खाली उतरलाय. प्रश्न ७ मधल्या पद्धतीने छातीचा वेट वाढवत वर या, आणि काखेच्या घडीतल्या लूपवरच उतार संपवा. पुढून छातीचा स्नायू आणि मागून पाठीचा रुंद स्नायू दंडाला जाऊन चिकटतात. त्या दोन कडांना दंडाचे ०.२ ते ०.३ ठेवलेत तर हात वर केल्यावर काखेची खोल वाटी तयार होते. दोन कडा आणि मध्ये खळगा: एवढं साधलं की खांदा खरा वाटतो.

११. ए-पोज की टी-पोज?

कॅरेक्टर बहुतेक वेळ काय करणार आहे, त्याच्या मध्यावरची पोज. ऑफिसात बसणारा, चालणारा माणूस असेल तर ए. गोविंदासारखा कायम हात वर असेल तर मी टी-पोजच सुचवते, कारण १५० अंशांपर्यंत फक्त ६० अंश फिरवावे लागतात. पण मग हात खाली सोडताना पूर्ण ९० फिरतात आणि खांद्याची टोपी चपटी होते. त्या विद्यार्थ्याला मी टी सांगितली होती. त्याने ए ठेवली, कारण मॉडेल आधीच तयार होतं. त्यामुळे प्रश्न १३ पर्यंत जावं लागलं.

१२. Preserve Volume ला टिक केलं की सगळं सुटतं ना? मग एवढी मेहनत कशाला?

Armature मॉडिफायरमधला तो पर्याय जागांची सरळ सरासरी घेण्याऐवजी फिरण्याचीच सरासरी घेतो, त्यामुळे बिंदू वर्तुळावरच राहतो. मनगटाच्या पिळाला तो उत्तम. कोपराला मात्र उलटा त्रास देतो: टोक आणि बाजू फुगतात, कोपरात लिंबू अडकल्यासारखं दिसतं. खांद्यातही टोपी फुगते.

दुसरी अडचण जास्त गंभीर आहे. हे गणित ब्लेंडरच्या बाहेर जातंच असं नाही. जीएलटीएफ फाइल आणि बहुतेक गेम इंजिन साधी सरासरीच वापरतात. एकाने महिनाभर Preserve Volume चालू ठेवून वेट रंगवले आणि क्लायंटकडे फाइल गेल्यावर सगळी कोपरं बसली. वेट पुन्हा रंगवायला लागले, त्याचे पैसे कुणी दिले नाहीत. फिल्म ब्लेंडरमध्येच रेंडर होणार असेल तर वापरा. बाहेर जाणार असेल तर पहिल्या दिवसापासून बंद ठेवा.

१३. सगळं केलं, तरी पूर्ण दुमडल्यावर कोपर थोडं बसतंच. आता?

आता शेप की. पण आताच, आधी नाही. याला तांत्रिक कारण आहे. वाकलेल्या अवस्थेत तुम्ही व्हर्टेक्स ओढता, तेव्हा ब्लेंडरला तो बदल उलट हिशोब करून सरळ हातावर नोंदवावा लागतो. वेटमुळे जागा फार चेपलेली असेल तर तो उलटा हिशोब बिघडतो आणि तुम्ही एक सेंटिमीटर ओढलं की व्हर्टेक्स भलतीकडे उडतो. असं झालं तर समजा, प्रश्न ४ आणि ६ अर्धवट राहिलेत.

गोविंदाच्या डाव्या कोपरासाठी असं केलं. हात साधारण १३० अंश दुमडला. मेशला Basis आणि त्यानंतर नवी शेप की दिली, तिचं मूल्य १ केलं. Armature मॉडिफायरवरची Edit Mode आणि On Cage ही दोन्ही बटणं चालू केली, म्हणजे Edit Mode मध्येही हात दुमडलेलाच दिसतो. टोकाचे व्हर्टेक्स बाहेर काढले, खळगीतले एकमेकांत घुसलेले मागे घेऊन एक स्वच्छ घडी केली आणि दंडाचा पुढचा स्नायू थोडा फुगवला. बारा-पंधरा व्हर्टेक्स, त्याहून जास्त नाही.

मग शेप कीच्या मूल्यावर ड्रायव्हर. व्हेरिएबलचं नाव bend, प्रकार Rotational Difference, एक बोन दंडाचा, दुसरा कोपराखालचा. तुकडे केलेले असतील तर दोन्हीकडे कोपराला लागून असलेला तुकडा घ्या, नाहीतर मनगट फिरवलं तरी शेप की जागी होते. उत्तर रेडियनमध्ये येतं. हात सरळ असताना ते शून्य असेलच असं नाही, बोनचा रोल वेगळा असला तरी फरक दिसतो. म्हणून सरळ आणि दुमडलेला असे दोन्ही आकडे आधी वाचून घ्या. माझ्याकडे साधारण ६० अंशांना १.०५ आणि पूर्ण दुमडल्यावर २.३० होते:

```
clamp((bend - 1.05) / 1.25)
```

६० अंशांपर्यंत शेप की झोपलेली, त्यानंतर हळूहळू १ पर्यंत. खांद्यालाही हीच रीत, फक्त वर, पुढे आणि छातीवर आडवा अशा तीन दिशांसाठी वेगळ्या की लागू शकतात. एकच करायची असेल तर वरची करा.

मिरर मॉडिफायर असेल तर तो शेप की देण्याआधी अप्लाय करा. नंतर ब्लेंडर करू देत नाही.

१४. शरीर छान वाकतं, पण टी-शर्टातून कातडी बाहेर येते.

टी-शर्टाला वेगळे ऑटोमॅटिक वेट देऊ नका, शरीराचेच वेट न्या. आधी शरीर, मग Shift धरून टी-शर्ट निवडा, Weight Paint मध्ये Weights > Transfer Weights, आणि खालच्या चौकटीत Nearest Face Interpolated. Source Layers Selection मध्ये सगळे ग्रुप आणि Destination Layers Matching मध्ये नावाने जुळवणं ठेवा. मग टी-शर्टाखाली कायम झाकलेलं शरीर Mask मॉडिफायरने लपवा. गोविंदाच्या पथकाचा टी-शर्ट अर्ध्या बाहीचा होता. बाहीची कड दंडाच्या मध्यावर येते, तिथून आत दोन लूप सोडून बाकी लपवलं. सैल झब्बा असेल तर मात्र काखेजवळ जवळचा फेस कुठला यात गोंधळ होतो आणि बरगडीवरच्या कापडाला दंडाचे वेट मिळतात. तेवढी जागा हाताने दुरुस्त करावीच लागते.

१५. ब्लेंडरमध्ये बरोबर, गेममध्ये गेल्यावर खांदा वेगळा वाकतो. असं का?

Preserve Volume बंद आहे ना, ते आधी बघा (प्रश्न १२). नसेल ते कारण, तर एका व्हर्टेक्सवर किती बोन आहेत ते मोजा. गेममध्ये बहुधा चारच चालतात. खांद्यावर छाती, shoulder, दंडाचे दोन तुकडे आणि मान असे पाच सहज जमतात. निर्यात करताना सगळ्यात लहान गळतो आणि उरलेल्यांचं प्रमाण बदलतं. Weights > Limit Total मध्ये ४ ठेवून ब्लेंडरमध्येच बघून घ्या आणि लगेच Normalize All करा.

याच्याशी जोडलेली एक फसवणूक: एखाद्या व्हर्टेक्सची बेरीज १ नसली, ०.६ असली, तरी ब्लेंडर वाकवताना ती मनातल्या मनात १ धरून घेतो. त्यामुळे चूक दिसतच नाही. दुसरं सॉफ्टवेअर तेवढं समजूतदार असेलच असं नाही.

१६. माझं कॅरेक्टर जाडजूड आहे. दंड खाली सोडला की छातीत घुसतो. वेट कसे देऊ?

वेटने हे होणार नाही. स्किनिंगला दंड छातीला लागलाय हे कळतच नाही. ते फक्त बोनचे कोन बघतं. तिथे दोनच गोष्टी करता येतात. पोज देताना दंड शरीरापासून वीस-पंचवीस अंश लांबच ठेवा. जाड माणसं खरोखर तशीच उभी राहतात. किंवा प्रश्न १३ सारखी शेप की करा, जी हात खाली आल्यावर दंडाची आतली बाजू चपटी करते आणि छातीची कड थोडी पुढे ढकलते. एका हलवायाच्या कॅरेक्टरसाठी मी दुसरा मार्ग घेतला होता. दोन्ही खांद्यांना मिळून चार शेप की लागल्या, आणि त्यातली एक तो कढईत झारा फिरवतो तेवढ्याच शॉटसाठी होती.